मंदिर बांधलं कोणी?

नमस्कार श्रोतेहो. इंदूरात भंवरकुआँच्या बाजूला स्पर्धा परीक्षांचे क्लास गल्लोगल्ली आहेत आणि आपल्या मराठी घरांतली बरीच मुलं तिथे इंग्रजीचा ‘सेंटेन्स करेक्शन’ हा प्रश्नप्रकार घोटून घेतात. त्यातल्या एकाच चुकीबद्दल आज बोलायचं आहे.

वाक्याची सुरुवात दिलेली आहे: आफ्टर रीबिल्डिंग द काशी विश्वनाथ टेम्पल इन 1780. पुढचा भाग पर्यायांतून निवडायचा. माझ्या एका विद्यार्थिनीने निवडला: पिलग्रिम्स प्रेझ्ड अहिल्याबाई होळकर. काळ बरोबर, कर्ता-क्रियापदाचा मेळ बरोबर, स्पेलिंगही बरोबर. तरी उत्तर चूक ठरलं. “सर, यात चूक कुठे आहे?” तिचा प्रश्न अगदी रास्त होता.

‘रीबिल्डिंग’ला स्वतःचा कर्ता नाही. अशा वेळी इंग्रजी तो स्वल्पविरामानंतरच्या मुख्य वाक्यातून उचलते, आणि तिथे कर्त्याच्या जागी बसले आहेत यात्रेकरू. म्हणजे या वाक्यात काशीचं मंदिर यात्रेकरूंनी बांधलं आणि अहिल्याबाईंच्या वाट्याला नुसतं कौतुक आलं!

आपली मुलं इथे का फसतात, तेही सांगतो. ‘मंदिर बांधल्यावर यात्रेकरूंनी अहिल्याबाईंचं कौतुक केलं’ हे आपल्याला खटकत नाही. मराठीत ‘-ल्यावर’ आलं की दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असावा असं बंधन नसतं. बांधलं कोणी, हे आपण संदर्भावरून समजून घेतो. तीच सवय इंग्रजी वाचताना सोबत येते.

दुसरा पर्याय याहून फसवा आहे: अहिल्याबाई होळकर्स फेम स्प्रेड अक्रॉस इंडिया. स्वल्पविरामाला लागून बाईंचं नाव दिसतं आणि मुलं निर्धास्त होतात. पण इथे कर्ता आहे ‘फेम’. नाव षष्ठीत गेलं, ते कीर्तीचं विशेषण झालं. मग मंदिर बांधलं कीर्तीने! म्हणून स्वल्पविरामानंतरचा पहिला शब्द बघून थांबू नये. मुख्य क्रियापद शोधावं, त्याचा कर्ता शोधावा आणि विचारावं: हे काम याने केलं का?

अहिल्याबाई होळकर वन द प्रेझ ऑफ पिलग्रिम्स, हा पर्याय या प्रश्नाला उतरतो. सुरुवात बदलायची मुभा असेल, तर आणखी एक वाट आहे: आफ्टर अहिल्याबाई रीबिल्ट द टेम्पल. आता बांधण्याच्या क्रियेला तिचा स्वतःचा कर्ता मिळाला. पुढे यात्रेकरू येवोत की कीर्ती, काही बिघडत नाही.

मात्र ‘जनरली स्पीकिंग’, ‘कन्सिडरिंग द हीट’ अशा रुळलेल्या सुरुवातींना ही कसोटी लावू नका. त्या कुणा एकाची क्रिया सांगत नाहीत. तिथे कर्ता जुळत नाही म्हणून पर्याय खोडलात, तर बरोबर उत्तर हातचं जाईल.