भिशीचा पहिला नंबर

(कोल्हापुरात छोट्या कारखानदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय जरा बोजड छापलाय: ‘सरासरी हिशेबी परतावा आणि निव्वळ वर्तमान मूल्य’. आपण एआरआर आणि एनपीव्हीच म्हणू, बँकेतही तेच म्हणतात. पण आधी मला मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या सोप्यात जायचंय. तिथं महिन्याच्या पहिल्या रविवारी आईची भिशी भरायची.

बारा बायका, प्रत्येकीचे पन्नास रुपये, म्हणजे महिन्याला सहाशेचा गठ्ठा. ही लिलावाची भिशी होती. इथं निम्म्या लोकांच्या चेहऱ्यावर हसू दिसतंय, म्हणजे नियम ठाऊक आहेत. तरी तरुण मुलांसाठी सांगतो. ज्या बाईला पैशाची आत्ता नड आहे, तिनं कमी घ्यायची तयारी दाखवायची. कुणी म्हणणार मी पाचशे ऐंशी घेते, कुणी म्हणणार पाचशे साठ. जी सगळ्यात कमीवर तयार होईल तिला गठ्ठा, आणि सोडलेले पैसे बाराजणींत वाटून. मी सहावीत होतो. पैसे मोजून पितळी डब्यात ठेवायचं आणि वहीत नावापुढं आकडा लिहायचं काम माझं.

एकदा शेजारच्या काकू दुसऱ्याच महिन्यात पाचशे चाळीसवर उतरल्या. साठ रुपये सोडले, प्रत्येकीच्या वाट्याला पाच-पाच आले. आई म्हणाली, ‘‘अगं, थांब की जरा, पूर्ण सहाशे मिळतील.’’ त्यावर काकू म्हणाल्या, ‘‘वैनी, सहाशे घेऊन चैतात काय करू? शिलाई मशीन आत्ता विकायला निघालंय.’’ दसऱ्याच्या आधी ते मशीन त्यांच्या दारात आलं, आणि दिवाळीचे ब्लाउज त्यांनी शिवले. भिशी संपेपर्यंत मशीनची किंमत शिलाईतून वसूल झाली होती. मी वहीत 540 लिहिलं तेव्हा मला वाटलं होतं की काकूंचं नुकसान झालं.

माझी ती चूक म्हणजेच एआरआर. वहीत बघितलं तर साठ रुपये गेले, एवढंच दिसतं. कधी मिळाले, हा रकाना त्या वहीत नव्हताच. आणि त्या बाराजणींपैकी एकीलाही ‘कालमूल्य’ हा शब्द माहीत नव्हता, पण आजच्या पैशाचा आणि चैतातल्या पैशाचा भाव त्या दर महिन्याला बोली लावून ठरवत होत्या.

आता उद्यमनगरात येऊ. एका ओळखीच्या कारखानदारांपुढं दोन कामं होती. आकडे मी सोपे केलेत, टॅक्सही बाजूला ठेवलाय. दोन्हींसाठी बारा लाखांचं मशीन, आयुष्य चार वर्षं, शेवटी भंगाराची किंमत शून्य धरू. पहिलं काम जुन्या गिऱ्हाइकाचं. ऑर्डर हातात, पण तो पार्ट हळूहळू बंद होणार. म्हणून खर्च वजा जाता रोख येणार 7 लाख, मग 5, मग 3, शेवटी 1. दुसरं काम नव्या कंपनीचं. आधी सॅम्पल पास व्हायचे, मग ऑर्डर वाढत जाणार. तिथं 1 लाख, 3, 5 आणि शेवटी 7. बेरीज दोन्हीकडं 16 लाख.

एआरआर कसा काढतात बघा. बारा लाखांचा घसारा चार वर्षांत, म्हणजे वर्षाला 3 लाख. तो रोखीतून वजा केला की पहिल्या कामाचा नफा 4, 2, 0 आणि उणे 2. दुसऱ्याचा उणे 2, 0, 2 आणि 4. दोन्हीकडं बेरीज 4 लाख, सरासरी वर्षाला 1 लाख. गुंतवणूक सुरुवातीला 12 आणि शेवटी 0, म्हणून सरासरी गुंतवणूक 6. एकाला सहानं भागलं की 16.67 टक्के. दोन्हींचा एआरआर सारखा. कर्ज 12 टक्क्यांनी मिळत होतं, म्हणजे दोन्ही पास. त्यांनी दुसरं घेतलं, कारण तिथं नफा वर चढत जाताना दिसत होता.

संयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. भिशीत फार वेळ गेला, पण ती सोडणं मला शक्य नव्हतं. आता मूळ मुद्दा भरभर सांगतो.

एनपीव्ही समजायला फॅक्टरचा तक्ता आधी उघडू नका, कर्जाचं खातं उघडा. दुसऱ्या कामासाठी 12 लाख कर्ज काढलं. वर्षअखेर व्याजासकट 13.44 झालं, आलेला 1 लाख भरला, बाकी 12.44. बघा, वर्षभर मशीन चालवून कर्ज मूळ रकमेच्या वर गेलं! दुसऱ्या वर्षी व्याज धरून 13.93, तीन भरले, बाकी 10.93. तिसऱ्या वर्षी 12.24, पाच भरले, 7.24. चौथ्या वर्षी 8.11, सात भरले. मशीन भंगारात गेलं आणि बँकेचे 1 लाख 11 हजार अजून देणं आहे. साडेसोळा टक्के परतावा देणाऱ्या कामानं हे केलं.

हेच पहिल्या कामाला लावा. 13.44 मधून 7 गेले, 6.44. पुढच्या वर्षी 7.21 मधून 5 गेले, 2.21. तिसऱ्या वर्षी 2.48 मधून 3 भरायचे म्हटलं तर कर्ज फिटून 52 हजार उरतात. ते 12 टक्क्यांनी फिरवले आणि चौथ्या वर्षीचा 1 लाख मिळवला की हातात 1 लाख 58 हजार.

शेवटी उरलेली ही रक्कम आजच्या भावात आणायची, म्हणजे चार वर्षांसाठी चार वेळा 1.12 नं भागायचं. पहिल्या कामाचे साधारण 1 लाख 1 हजार शिल्लक, दुसऱ्याचे 71 हजार तूट. हीच त्यांची एनपीव्ही. तक्त्यातले फॅक्टर वापरून प्रत्येक वर्षाची रोख आज आणली आणि 12 लाख वजा केले, तरी उत्तर हेच येतं. फरक कुठं पडला? व्याज बाकीवर चढतं. लवकर आलेला रुपया बाकी कमी करतो, उशिरा येणाऱ्या रुपयाची वाट बघत बाकी वाढत राहते. एआरआर चारही वर्षांची बेरीज करून चारानं भागतो, तिथंच क्रम पुसला जातो.

आणखी एक खोट घाईत सांगतो. काही जण सरासरी 6 ऐवजी पूर्ण 12 लाखांनी भागतात. मग तोच एआरआर 8.33 होतो, आणि दोन्ही कामं नापास. मशीन तेच, ऑर्डर तीच, फक्त भाजक बदलला. कुणी प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एआरआर दाखवला तर आधी विचारा, कशानं भागलंय?

समोरून प्रश्न आलाय की एनपीव्हीतही दर आपणच धरतो, मग ती तरी खरी कशी? प्रश्न रास्त आहे. दर चुकला तर उत्तर चुकतं, आणि रोखीचे अंदाज फुगवले तर दोन्ही पद्धती तेवढ्याच फसतात. पण दर बदलून बघा. 12 च्या जागी 9 टक्के धरा, दुसऱ्या कामाची एनपीव्ही तुटीतून वर येऊन साधारण 26 हजार शिल्लक दाखवते. स्वस्त कर्ज मिळालं तर तेच काम घेण्याजोगं ठरतं, शिल्लक आणि तुटीची सीमा दहा टक्क्यांच्या किंचित खाली आहे. म्हणजे बँकेत जाताना कितीपर्यंत दर परवडेल हे तुमच्या हातात असतं. आणि एआरआर? कर्ज 9 नं घ्या नाहीतर 18 नं, तो 16.67 वरच बसलेला.