पहिल्या बोर्ड मीटिंगचे मिनिट्स: ठराव कशाचा, नोंद कशाची

आज फक्त एका कागदाबद्दल बोलू: कंपनीची नोंदणी झाल्यावर संचालक मंडळाची जी पहिली बैठक होते, तिचे इतिवृत्त. बोलीभाषेत आपण मिनिट्सच म्हणतो. बहुतेक जण कुठून तरी तयार नमुना मिळवतात, नावे बदलतात आणि सही करतात. नमुन्यातली वाक्ये कायद्याने जे घडले त्याच्याशी जुळतात का, हे कोणी तपासत नाही. मग बँक ठराव परत पाठवते किंवा पुढे एखादा फॉर्म अडतो, तेव्हा ते लक्षात येते.

समजण्यासाठी एक कंपनी गृहीत धरू. पुण्यातली प्रायव्हेट लिमिटेड, दोन भागधारक आणि तेच दोघे संचालक. नोंदणीचे प्रमाणपत्र ३ जूनचे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७३ नुसार पहिली बैठक नोंदणीपासून ३० दिवसांत घ्यावी लागते, म्हणजे ३ जुलैपर्यंत. आपण ती २० जूनला ठेवू. सूचना किमान सात दिवस आधी जायला हवी. सूचना पाठवल्याचा आणि बैठकीचा असे दोन्ही दिवस सोडून सात मोजले, तर ती १२ जूनला ई-मेलने गेली पाहिजे. गणपूर्तीसाठी एकतृतीयांश किंवा दोन, यातली मोठी संख्या लागते. इथे दोघेही हजर असणे भाग आहे.

आता पहिला विषय, संचालक. सर्वाधिक चुका इथेच होतात. तयार नमुन्यात लिहिलेले असते, ‘श्री. अमुक व श्रीमती तमुक यांची प्रथम संचालक म्हणून नियुक्ती करण्याचा ठराव संमत झाला.’ पण त्यांची नियुक्ती मंडळाने केलेलीच नाही. नोंदणीच्या अर्जात आणि नियमावलीत त्यांची नावे होती, त्यामुळे ते नोंदणीच्या दिवसापासूनच संचालक आहेत. तसे नसते तर ही बैठक बोलावण्याचा अधिकारच कोणाला नसता. म्हणून इथे ठराव नको, नोंद हवी: ‘कंपनीच्या नियमावलीनुसार खालील व्यक्ती नोंदणीच्या तारखेपासून प्रथम संचालक आहेत, याची मंडळाने नोंद घेतली.’ त्याखाली नाव आणि डीआयएन, म्हणजे संचालक ओळख क्रमांक. पाठोपाठ प्रत्येकाने दिलेले एमबीपी-१ मधले हितसंबंधांचे प्रकटीकरण मंडळापुढे आले, हे लिहायचे. कलम १८४ नुसार संचालक ज्या पहिल्या बैठकीत भाग घेतो, त्याच बैठकीत ते द्यावे लागते. अपात्र नसल्याचे डीआयआर-८ही सोबत नोंदवायचे.

समजा याच बैठकीत तिसरी व्यक्ती संचालक म्हणून घ्यायची आहे. ही मात्र खरी नियुक्ती, आणि तिला ठराव लागतो. कलम १६१ खाली ‘अतिरिक्त संचालक’ नेमता येतो, पण नियमावलीत तसा अधिकार असेल तरच. कायद्यातली नमुना नियमावली, म्हणजे टेबल एफ, स्वीकारली असेल तर तो असतो, स्वतंत्र मसुदा केला असेल तर उघडून पाहा. डीआयएन आणि डीआयआर-२ मधली लेखी संमती ठरावाआधी हातात हवी. हा संचालक पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंतच पदावर राहतो, हे ठरावात लिहा. नाहीतर ती सभा येते आणि त्याला कायम करायचे राहून जाते. नियुक्ती कळवणारा डीआयआर-१२ फॉर्म तीस दिवसांत, म्हणजे २० जुलैपर्यंत भरायचा. आणि एक बारीक गोष्ट: ही व्यक्ती सुरुवातीपासून खोलीत बसली असेल, तरी उपस्थितांच्या यादीत तिचे नाव ‘निमंत्रित’ म्हणून येते. ठराव संमत झाल्यावर ती संचालक म्हणून सहभागी झाली, असे त्या विषयाखाली लिहायचे. आधीच्या ठरावांवर तिचे मत मोजायचे नाही.

नोंदणीकृत कार्यालयालाही हाच न्याय लागू होतो. पत्ता नोंदणीच्या अर्जातच कायम म्हणून दिला असेल तर मंडळ फक्त नोंद घेते. अर्जात निव्वळ पत्रव्यवहाराचा पत्ता दिला असेल, तर मंडळाने ठरावाने कार्यालय निश्चित करायचे आणि तो पत्ता कळवणारा आयएनसी-२२ फॉर्म तीस दिवसांत भरायचा. हे तीस दिवस नोंदणीपासून मोजतात, बैठकीपासून नव्हे. आपल्या कंपनीला २० जूननंतर जेमतेम तेरा दिवस उरतात. जागामालकाचे ना-हरकत पत्र आणि दोन महिन्यांहून जुने नसलेले वीजबिल जोडावे लागते. बिलावरचे नाव आणि ना-हरकत देणाऱ्याचे नाव वेगळे असणे, ही नेहमीची अडचण. फ्लॅट वडिलांच्या नावावर आणि सही मुलाची, असे चालत नाही. कार्यालयाबाहेर नाव आणि पत्त्याची पाटी स्थानिक लिपीतही लागते, म्हणजे आपल्याकडे मराठीतही. पाटी लावण्याचा निर्देश याच विषयाखाली द्या. जागा संचालकाचीच असेल आणि कंपनी त्याला भाडे देणार असेल, तर तो संबंधित पक्षाशी व्यवहार होतो. तो पहिल्या बैठकीच्या घाईत उरकू नका.

बँक खात्याचा विषय पूर्णपणे ठरावाचा. नोंदणीच्या अर्जासोबत खात्याची विनंती गेलेली असली, तरी खाते चालवायला बँकेला मंडळाचा ठराव लागतोच. त्यात बँक आणि शाखा, सह्या करणाऱ्यांची पॅनप्रमाणे नावे आणि सह्यांची पद्धत स्पष्ट हवी. ‘संचालक खाते चालवतील’ एवढे लिहिले तर एकाने की दोघांनी, हे बँकेने ओळखायचे कसे? असे लिहा: ‘पन्नास हजार रुपयांपर्यंत कोणताही एक संचालक, त्यावर दोघे संयुक्तपणे.’ इंटरनेट बँकिंगचाही उल्लेख करा, कारण चेकवर संयुक्त सही आणि नेटवर एकाच्या हाती सगळे अधिकार, अशी फट तिथेच राहते.

बँका स्वतःचा छापील मसुदा देतात. तो वाचल्याशिवाय मिनिट्समध्ये उतरवू नका. त्यात कित्येकदा ओव्हरड्राफ्ट आणि कर्ज घेण्याचे अधिकारही असतात. कलम १०ए नुसार व्यवसाय सुरू करण्याआधीची घोषणा, म्हणजे आयएनसी-२०ए फॉर्म, दाखल होईपर्यंत कंपनीला व्यवसाय सुरू करता येत नाही आणि कर्जही घेता येत नाही. म्हणून बँकेच्या मसुद्यातला कर्जाचा तो मजकूर काढून घ्या.

आयएनसी-२०ए मध्ये संचालक जाहीर करतो की प्रत्येक भागधारकाने घेतलेल्या शेअर्सचे पैसे भरले आहेत. मुदत १८० दिवसांची, आपल्या कंपनीसाठी ३० नोव्हेंबर. पुरावा बँकेचे स्टेटमेंट. दहा रुपयांचे ६,००० आणि ४,००० शेअर्स असतील, तर साठ हजार आणि चाळीस हजार अशा दोन स्वतंत्र जमा, ज्याच्या त्याच्या खात्यातून आलेल्या दिसल्या पाहिजेत. एकानेच लाख रुपये टाकले, तर दुसऱ्याचे पैसे आले हे कशावरून दाखवणार? मुदत चुकली तर कंपनीला पन्नास हजारांचा दंड आहे, आणि जबाबदार अधिकाऱ्यांना दिवसाला हजार रुपये, कमाल एक लाखापर्यंत.

पहिला लेखापरीक्षक मंडळाने नोंदणीपासून तीस दिवसांतच नेमायचा असतो, तो ठराव याच बैठकीत घ्या.

शेवटी खुद्द मिनिट्स. सुरू होण्याची व संपण्याची वेळ, ठिकाण, कोण हजर, कोणी विरोध केला, हे सगळे यावे. मसुदा पंधरा दिवसांत सर्व संचालकांना पाठवायचा, त्यांना अभिप्रायासाठी सात दिवस असतात, आणि तीस दिवसांच्या आत, म्हणजे २० जुलैपर्यंत, ते अनुक्रमे पृष्ठांक असलेल्या पुस्तकात उतरले पाहिजेत. छापील पाने त्यात चिकटवता येत नाहीत. अध्यक्षाने प्रत्येक पानावर आद्याक्षरी करावी आणि शेवटच्या पानावर तारखेसह सही. बँक मात्र तीस दिवस थांबत नाही. ठरावाचा मजकूर बैठकीपुढे लेखी ठेवलेला असेल, तर मिनिट्सवर सही होण्याआधीही त्याची प्रमाणित प्रत देता येते. म्हणून बँकेचा ठराव शब्दशः टाइप करूनच बैठकीला न्या आणि पुस्तकातही तोच, एकही शब्द न बदलता, उतरवा.