तुटलेल्या ग्राहकाला पुन्हा पत्र लिहिताना

नमस्कार मंडळी. आमचा कराडजवळ लाकडी घाणा आहे. शेंगदाणा तेल काढतो, कॅनमध्ये भरतो आणि पुणे, मुंबई, नाशिककडच्या घरांत कुरिअरने पाठवतो. घरगुती मसाले, लोणची, तूप किंवा गूळ असंच ऑर्डरवर पाठवणारे तुमच्यातही पुष्कळ असतील. एक गोष्ट तुम्हीही अनुभवली असेल. दोन-तीन वेळा माल मागवलेला माणूस अचानक गप्प होतो. भांडण नाही, तक्रार नाही, नुसती ऑर्डर थांबते. अशा माणसाला ईमेल कसा लिहायचा, यावर आज बोलणार आहे.

आमचा पहिला प्रयत्न साफ वाया गेला होता, तो आधी सांगते. विषयाच्या ओळीत लिहिलं, ‘आम्हाला तुमची आठवण येते’. खाली तेलाच्या धारेचं मोठं चित्र आणि त्या चित्रातच अक्षरं, वीस टक्के सूट. सगळ्या जुन्या लोकांना एकदम पाठवून दिला. चार ऑर्डरी आल्या. त्यातल्या तिघांनी दुसऱ्याच महिन्यात ऑर्डर दिलीच असती, सूट आम्ही उगाच दिली. आणि एका बाईंचं उत्तर आलं, ‘माझ्या फुटलेल्या कॅनचे पैसे अजून परत आलेले नाहीत, आणि आठवण कसली काढता?’ ते वाचून मान खाली गेली. त्यांची तक्रार आमच्याच वहीत तीन आठवडे पडून होती.

त्यानंतर मी ठरवलं की मेल लिहायच्या आधी दहा जणांना फोन करायचा. विकायला नाही, विचारायला. ‘काका, तेल मागवणं थांबलं, आमचं काही चुकलं का?’ एवढंच. भाव जास्त वाटतो असं म्हणणारे दोघं निघाले. एक कुटुंब गाव सोडून गेलं होतं. एका घरात डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलं होतं. पण सहा जणांनी शब्द बदलून एकच गोष्ट सांगितली. घरात आता दोनच माणसं, मुलं बाहेरगावी. पाच लिटरचा कॅन संपता संपत नाही, आणि शेवटी शेवटी तेलाला वास येतो.

हे मला आधीच समजायला हवं होतं, कारण तेलाचा स्वभाव मला माहीत आहे. घाण्याचं तेल रिफाइंड केलेलं नसतं. शेंगदाण्याचा मूळ वास त्यात राहतो, म्हणून तर लोक घेतात. कॅन उघडला की हवा आत जाते, आणि तेल जसजसं खाली जातं तसतशी वरची मोकळी जागा वाढते. त्यात कॅन पांढरा, अर्धपारदर्शक. ओट्यावर गॅसशेजारी ठेवला की ऊन आणि उष्णता दोन्ही लागतात. तेल खवट व्हायला आणखी काय हवं? चार माणसांच्या घरी महिन्याला दोन-अडीच लिटर तेल लागतं, तिथे कॅन दोन महिन्यांत उडतो. दोन माणसांच्या घरी तोच कॅन चार-पाच महिने चालतो. माल तोच, पण त्या घरापुरता तो बिघडत होता. तिथे वीस टक्के सूट दिली काय आणि चाळीस टक्के दिली काय, मोठा कॅन तो मोठाच.

म्हणून आधी माल बदलला. एक लिटरचे पत्र्याचे बंद डबे आणले आणि डब्यावर तेल काढल्याची तारीख छापायला लागलो. हे झाल्यावरच मेलमध्ये सांगण्यासारखं काहीतरी आमच्या हातात आलं. परत येण्याचं खरं कारण मी याला म्हणते. ग्राहक ज्या गोष्टीसाठी गेला, ती आता तशी राहिलेली नाही.

मग यादी. कोणाला तुटलेला म्हणायचं? सगळ्यांना सहा महिन्यांची एकच पट्टी लावू नका. प्रत्येकाच्या दोन ऑर्डरींमध्ये साधारण किती दिवस जातात ते आपल्या वहीत किंवा एक्सेलमध्ये दिसतं. दर दोन महिन्यांनी मागवणारा माणूस पाच महिने गप्प असेल तर तो तुटला. दर पाच महिन्यांनी मागवणारा सहाव्या महिन्यात गप्प असेल तर त्याचं तेल अजून संपलेलं नाही, त्याला हात लावू नका. आम्ही नेहमीच्या अंतराच्या दुप्पट दिवस होऊन गेलेले लोक घेतले. १८६ नावं निघाली. त्यातून तक्रार मिटायची राहिलेले १४ बाजूला काढले. त्यांना मेल नाही, आधी फोन आणि आधी पैसे. पूर्वी ‘मेल नको’ म्हणालेले ९ काढले. उरले १६३.

आता मेलच वाचून दाखवते. विषयाची ओळ होती, ‘पाच लिटरचा कॅन मोठा पडत होता का?’ खाली मजकूर असा:

‘नमस्कार,’ आणि पुढे त्यांचं नाव. ‘गेल्या वर्षी तुम्ही आमच्याकडून शेंगदाणा तेलाचा पाच लिटरचा कॅन मागवला होता. त्यानंतर तुमची ऑर्डर आली नाही. काही जुन्या ग्राहकांना आम्ही फोन केला, तेव्हा कळलं की घरात माणसं कमी असली की कॅन संपेपर्यंत तेलाला वास येतो. हे आमच्या आधी लक्षात यायला हवं होतं. आता तेच तेल आम्ही एक लिटरच्या पत्र्याच्या डब्यातही देतो. डब्यावर तेल काढल्याची तारीख असते. डबा ४०० रुपयांना आहे. ३१ जानेवारीपर्यंत पहिला डबा मागवलात तर कुरिअरचे ८० रुपये आम्ही भरू. हवा असेल तर या मेलला फक्त ‘डबा’ असं उत्तर पाठवा, पत्ता आणि पैशांचं आम्ही फोनवर विचारून घेऊ. नको असेल तर ‘नको’ लिहा, पुन्हा मेल येणार नाही.’ खाली माझं नाव आणि माझाच फोन नंबर.

बस, एवढंच. यात चित्र नाही. पुष्कळांच्या मेलमध्ये चित्रं आपोआप उघडत नाहीत, मग चित्रातली सवलत त्यांना दिसणार कशी? कोड नाही, कारण कोड शोधायचा, टाकायचा, चुकला तर पुन्हा टाकायचा, यात वयस्कर माणूस कंटाळतो. आणि सवलत एकच आहे. आमच्याकडे एरवी कुरिअरचा खर्च ग्राहक देतो. लहान डब्यावर तोच खर्च डोळ्यांत भरतो, चारशेच्या मालाला ऐंशी रुपये वर. नेमका तोच काटा पहिल्या वेळी काढला. पाच लिटरच्या कॅनवर वीस टक्के सोडले तर आमचे चारशे रुपये जातात, शिवाय माणूस पुढच्या सवलतीची वाट पाहत बसतो. इथे ऐंशीच गेले, आणि तेलाचा भाव होता तोच राहिला.

एक मात्र सांभाळा. दोनच माणसांचं घर असं मेलमध्ये कोणाला तोंडावर म्हणू नका. ‘माणसं कमी असली की’ असं सगळ्यांबद्दल बोललं की ज्याला लागू आहे तो आपोआप ओळखतो. एकटं राहणाऱ्या माणसाला त्याच्या एकटेपणाची आठवण आपण का करून द्यायची?

पाठवण्याची रीतही महत्त्वाची. माझ्या ओळखीच्या एका लोणचेवाल्या ताईंनी सगळे पत्ते ‘टू’च्या रकान्यात एकत्र टाकले. शंभर जणांचे पत्ते एकमेकांना दिसले, लोक चिडले, ते रास्तच होतं. प्रत्येकाला वेगळा मेल जायला हवा. मेल पाठवून देणाऱ्या सेवा हे काम करतात, नाहीतर रोज वीस-पंचवीस हाताने पाठवा. ज्या पत्त्यावरून ऑर्डरची पावती जायची त्याच पत्त्यावरून पाठवा, म्हणजे ओळख पटते. जुन्या याद्यांत बंद पडलेले पत्ते असतात, तिथून मेल परत आला की ते नाव लगेच काढा. आणि ‘नको’ म्हणायची वाट सोपी ठेवा. ती सापडली नाही की माणूस ‘स्पॅम’चं बटण दाबतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. त्यांचे हजारात तीन मेलही स्पॅम ठरायला नकोत आणि एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडता आलं पाहिजे, असं त्यात आहे. आपण त्या आकड्याच्या जवळपासही नाही. पण शे-दीडशे मेलमध्ये पाच जणांनी ते बटण दाबलं, तर पुढे आपली ऑर्डरची पावतीसुद्धा स्पॅममध्ये जाऊन पडू शकते.

आता फायदा झाला की नाही, हे कसं कळायचं? किती जणांनी मेल उघडला त्यावर विसंबू नका. ॲपलच्या मेलमध्ये २०२१ पासून अशी सोय आहे की माणसाने मेल वाचला नाही तरी उघडल्यासारखा दिसू शकतो. ऑर्डरीच मोजा. आणि त्यातही एक काम करा, जे मला फार उशिरा सुचलं. १६३ जणांतल्या दर पाचव्या नावाला आम्ही मेल पाठवलाच नाही. असे ३३ लोक झाले, मेल गेला १३० जणांना. महिन्याभरात १३० मधून १७ ऑर्डरी आल्या. ऐकायला बरं वाटतं. पण मेल न पाठवलेल्या ३३ मधूनही दोघं आपणहून आले. त्याच हिशेबाने १३० मधले आठेक जण मेल नसता तरी आलेच असते. म्हणजे मेलने आणले ते साधारण नऊ. ३३ ही संख्या लहान आहे, एखादा माणूस इकडचा तिकडे झाला तरी हिशेब हलतो, म्हणून नऊ हा आकडा मी अंदाजापुरताच धरते. पण सतरा मेलमुळे आले असं मी आता कोणाला सांगत नाही.

त्याहून मोठी पारख दुसऱ्या ऑर्डरीची. कुरिअर फुकट आहे म्हणून एक डबा कोणीही घेईल. त्या सतरांतले अकरा जण पुढच्या दोन महिन्यांत पूर्ण पैसे भरून पुन्हा डबा घेऊन गेले. माल बदलल्याचा उपयोग झाला हे मला तिथे कळलं.

ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांना तीन आठवड्यांनी, मुदतीच्या दोन दिवस आधी, एकच आठवण पाठवली, तीही दोन ओळींची. तिसरा मेल नाही. त्यानंतरही गप्प राहिलेल्यांची नावं मेलच्या यादीतून काढली. काढताना हात अडखळतो, खोटं कशाला सांगू. दोन दिवाळ्या ज्यांच्या घरी आमचं तेल गेलं त्यांचं नाव असतं ते.

उत्तरांमध्ये ‘नको’ लिहिणारेही अकरा होते. एका काकूंनी ‘नको’पुढे लिहिलं होतं, आता मुलाकडे बेंगळुरूला असते, तिथे सून सूर्यफुलाचं वापरते, पण तेल चांगलं होतं तुमचं. मी त्यांना उत्तर लिहिलं, मोठा कॅन तुम्हाला त्रास देत होता का? त्यांनी कळवलं, हो, शेवटचा लिटरभर नेहमी देवाच्या दिव्याला जायचा.