शेजाऱ्यांना होळीचा मेसेज: गाऱ्हाणं घाला, पण दार ज्याचं त्याच्या हातात ठेवा

(कॅमेऱ्यासमोर. हातात माडाच्या झावळीचं एक हिरवं पातं.)

नमस्कार मंडळी. हे पातं नीट बघून ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आज बोलायचंय ते शेजाऱ्यांना पाठवायच्या होळीच्या मेसेजबद्दल. सोसायटीच्या ग्रुपवर जो जातो तो. मी राहते मालवणजवळ, अठरा खोल्यांच्या एका इमारतीत. खाली विहीर, विहिरीवर पंप, गच्चीवर टाक्या. शिमग्याला चाकरमानी आले की अठरा घरांत माणसं दुप्पट होतात, आणि विहिरीचं पाणी त्याच दिवसांत खाली जायला लागतं.

गेल्या वर्षी मेसेज मीच लिहिला होता. त्यातलं एक वाक्य सांगते: "ज्यांना रंग नको असेल त्यांनी आदल्या रात्री ग्रुपवर नाव टाकावं, म्हणजे पोरं त्यांच्या दारात जाणार नाहीत." लिहिताना मला वाटलं, सगळ्यांची काळजी घेतली. ग्रुपवर एकही नाव आलं नाही. मी समजले, सगळे खेळणार. सकाळी पोरांनी दुसऱ्या माळ्यावरच्या एका काकूंचं दार वाजवलं आणि दार उघडताच गुलाल उधळला. त्यांच्या घरात चार महिन्यांपूर्वीच माणूस गेलं होतं. वर्षभर त्यांना सण नव्हता. काकू पोरांना काहीच बोलल्या नाहीत, दार लोटून आत गेल्या. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा म्हणाल्या, "अगो, ग्रुपवर काय लिहू? आमच्याकडे सुतकाचं वर्ष आहे म्हणून पन्नास माणसांना सांगू?"

चूक त्या वाक्यातच होती. ज्याला रंग नको त्यालाच हात वर करायला सांगितलं होतं. रंग नको असण्याची कारणं बहुतेक वेळा घरातली असतात. कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असतं, डोळ्यात थेंब चालू असतात. कुणाला दमा असतो. कुणाच्या घरी दहावीचा पेपर, कुणाच्या घरी दीड महिन्याचं बाळ. कुणाचे रोजे, कारण गेली काही वर्षं रमजान याच दिवसांच्या आसपास येतोय. आणि कुणाला नुसतंच आवडत नाही, तेही पुरेसं आहे. यातलं काहीही माणसाने ग्रुपवर मांडावं अशी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही.

म्हणून यंदा उलटं केलं. ज्याला पोरांची टोळी दारात हवी, त्यानेच खूण करायची. (पातं दाखवत) हे पातं कडीला बांधायचं. ज्या दाराला पातं नाही, तिथे पोरं लांबून हात जोडून पुढे जातील. गप्प राहणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. विसरलेला माणूससुद्धा सुरक्षित राहतो. आंब्याचा टाळ का नाही घेतला? कारण तोरण बऱ्याच दारांना आधीच असतं. पोरांना कळणार कसं, खूण कुठली आणि तोरण कुठलं?

आता पाणी. "कोरडी होळी खेळा" एवढं लिहिलं की पाणी वाचलं असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं. पण जरा हिशेब करा. तीस माणसं डोक्यापासून पायापर्यंत कोरड्या रंगात माखली, तर अंघोळीला प्रत्येकी दोन बादल्या जास्तीच्या लागतात. बादली 15 लिटरची धरा. तीस माणसांचे झाले 900 लिटर. गच्चीवरची हजार लिटरची एक टाकी जवळजवळ संपली. आणि जिना धुवायचा अजून बाकीच आहे.

आपल्याकडे पाऊस धो-धो पडतो, हे खरं. पण जांभा ते पाणी धरून ठेवत नाही, झिरपून समुद्राकडे जातं. किनाऱ्यालगतच्या विहिरीतून उन्हाळ्यात फार उपसा झाला, तर खालून खारं पाणी आत सरकतं. पाणी मचूळ लागतं, चहाची चव बिघडते, डाळ लवकर शिजत नाही. त्यामुळे शिमग्यातली टाकी वाचवणं म्हणजे एप्रिल-मेच्या पाण्याची गोष्ट आहे.

कोरड्या रंगाची दुसरी अडचण दम्याची. भुकटी जिन्यात उडते, हवेत तरंगते, आणि दार बंद करून बसलेल्या माणसालाही फटीतून गाठते. म्हणून यंदा आमच्याकडे उधळायचा रंग नाही. वाटीत रंग घ्यायचा, त्यात दोन चमचे पाणी घालायचं आणि गंधासारखा दाट कालवायचा. उडत नाही, आणि कपाळावरचा टिळा तांब्याभर पाण्यात निघतो. हळद मात्र मी वापरत नाही. डाग पडलेल्या कपड्याला साबण लागला की हळद लाल होते आणि मग लोक तोच कपडा परत परत घासत बसतात, पुन्हा पाणी.

टिळा ही काही नवी कल्पना नाही. होमाची राख कपाळाला लावायची रीत आपल्याकडे जुनीच आहे.

आणि हो, वाटी समोर धरायची, बोट समोरच्याचं. आपण दुसऱ्याच्या कपाळाला हात लावायचा नाही. मला ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. वाटी पुढे आली की माणूस बोट बुडवतो किंवा हसून मान हलवतो. दोन्ही करायला त्याला एक क्षण मिळतो. मुठीतल्या रंगापुढे तो क्षण मिळत नाही.

आता एवढं सगळं मेसेजमध्ये लिहिलं, तर ती सूचनांची यादी होईल आणि कोण वाचणार? म्हणून मी गाऱ्हाणं घेतलं. गाऱ्हाण्याची लय आपल्या कानात असते, आणि त्यात नियमही मागणी होऊन येतो. फक्त देवाचं नाव मी यात घेतलं नाही. रवळनाथासमोर घालतात ते गाऱ्हाणं खरं असतं, त्याची गंमत करू नये. इथे मी शेजाऱ्यालाच साकडं घातलंय. ऐका:

"बा शेजाऱ्या म्हाराजा!
आज जो काय शिमगो आमच्या जिन्यापर्यंत इलो हा, तेचा ह्या गाराणा ऐक!
व्हय म्हाराजा!
रंगपंचमीक सकाळी 10 ते 11, खाली माडाकडे रंगाची वाटी ठेवलेली आसतली. जेका व्हयो, तेणां आपल्याच बोटान टिळो लावचो!
व्हय म्हाराजा!
जेंका पोरांची टोळी दारात व्हयी, तेंनी कडीक झावळाचा पातां बांधूचा. पातां नाय त्या दाराक पोरां लांबसून हात जोडतली. शबय म्हणान पैशे मागूचे नाय, नि 'कित्याक?' म्हणान विचारूचा नाय!
व्हय म्हाराजा!
पिचकारी, फुगे नि पायप ह्येंका यंदा मुंबयक धाडलेला हा, बावडीतला पाणी मे म्हयन्याक रवांदे!
व्हय म्हाराजा!
11 वाजता जिनो झाडूचा काम रंगवाल्यांचा. जो कोण पळात, तेका वर्सभर पंप चालू-बंद करूची डिवटी लागांदे!
व्हय म्हाराजा!
नि सांजेक 5 वाजता गच्चीर पुरणपोळी. रंग लावल्लो आसो वा नसो, सगळ्यांनी येवा. जेंका जमाचा नाय, तेंचो डबो घरपोच!
व्हय म्हाराजा!"

यातल्या दोन-तीन जागा उलगडून सांगते.

पहिली, दिवस. "होळीला रंग" असं मोघम लिहू नका. आपल्या काही गावांत शिमगा तेरसेचा, म्हणजे त्रयोदशीचा, काही ठिकाणी भद्रेचा, म्हणजे पौर्णिमेचा. शहरातून आलेल्यांना रंग म्हणजे धुळवड वाटते, इथल्यांना रंगपंचमी. पौर्णिमेनंतरचा पाचवा दिवस लिहायचा असेल तर तो स्पष्ट लिहा, वेळेसकट. ज्याला रंग नको, त्याला कळतं की 10 ते 11 आपण बाजारात जायचं नाही, किंवा मुद्दाम त्याच वेळी जायचं. एका तासाची वेळ ठरली की बाकीचा दिवस त्याला मोकळा मिळतो.

दुसरी, गंमत कुणावर केली आहे ते बघा. झाडायचं टाळणाऱ्यावर आहे, पिचकारीवर आहे. ही दोन्ही रंगाच्या बाजूची. माझ्या पहिल्या खर्ड्यात एक ओळ होती, "लपून बसणाऱ्यांना शोधून काढू." वाचताना मजेशीर वाटली. मग दुसऱ्या माळ्यावरच्या काकू ती ओळ वाचताना डोळ्यासमोर आणल्या आणि खोडून टाकली. बाहेर राहणाऱ्यावर केलेला विनोद म्हणजे त्याला घातलेली अट असते. शिमग्यातले अचकट-विचकट फाकेही मी याच कारणाने मेसेजात घेतले नाहीत. होमासमोर ते शोभतात, पण सगळ्या वयाच्या माणसांच्या ग्रुपवर लेखी नकोत.

तिसरी, पुरणपोळी रंगापासून सहा तास लांब ठेवली आहे. रंग आणि जेवण एकाच वेळी ठेवलं, की रंग टाळणारा माणूस जेवणालाही येत नाही. संध्याकाळी 5 वाजता सगळे धुतलेल्या हातांनी येतात. रोजा असलेल्या घरी डबा रोजा सुटायच्या आधी पोचवायचा आणि त्यावर काही बोलायचं नाही.

आणि उत्तर. या मेसेजला सगळ्यांनी फक्त "व्हय म्हाराजा" लिहायचं. त्याचा अर्थ एवढाच की वाचलं. येतो की नाही, खेळतो की नाही, हे त्यातून कळत नाही, आणि कळायला नकोच. नाहीतर "येणारे आणि न येणारे" अशी यादी ग्रुपवरच तयार होते.

नुसत्या मेसेजवर सोडू नका. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्यासाठी कागद जिन्याखाली लावा. आणि पोरांना एकदा समोर बसवून पातं दाखवा. गेल्या वर्षी काकूंच्या दारात गेलेल्यांत माझा पुतण्याही होता. यंदा त्याला सांगितलं, "पातं नसलेलं दार म्हणजे तुझ्यासाठी भिंत. थांबायचं, हात जोडायचे, पुढे." त्याने विचारलं, "पण आतून कोणी बोलावलं तर?" तर जायचं. बोलावणं त्यांचं आहे.

मेसेज तीन दिवस आधी टाका, त्याच सकाळी नको. पातं काढायला वेळ मिळायला हवा. आणि काढताना माडाच्या अगदी खालच्या झापाचं काढा, मधल्या कोवळ्या सुईला हात लावू नका. झाडावर चढायची गरज नाही, आमच्या आवारात दोन झापं तरी वाऱ्याने खाली पडलेली असतात. अठरा दारांना एक झाप पुरून उरतं.

गाऱ्हाण्याचा मजकूर खाली लिहून ठेवलाय. माडाच्या जागी तुमच्याकडे चिंच असेल तर चिंच लिहा.