पडद्यावरचे वीस टक्के

शेअर बाजाराची तोंडओळख करून देणारी सादरीकरणं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. त्यात एक स्लाइड हमखास असते: ‘आमच्या योजनेचा गेल्या पाच वर्षांत सरासरी वार्षिक परतावा २० टक्के.’ मग वक्ता विचारतो, काही शंका? आणि कोणी बोलत नाही. न बोलण्याचं कारण मला कळतं. आकडा स्वच्छ दिसतो, त्यात विचारायचं काय, असं वाटतं. आज मी तीच स्लाइड घेऊन बोलणार आहे, कारण तिच्यावर विचारण्यासारखं खूप आहे.

हिशेबासाठी पाच वर्षांचे आकडे धरू. पहिल्या वर्षी ८० टक्के वाढ, दुसऱ्या वर्षी ४० टक्के घट, तिसऱ्या वर्षी ५० टक्के वाढ, चौथ्या वर्षी ३० टक्के घट, पाचव्या वर्षी ४० टक्के वाढ. बेरीज १००, भागिले पाच, सरासरी २०. स्लाइड खोटी नाही. आता यात १०० घालून बघा. पहिल्या वर्षाअखेर १८० झाले, दुसऱ्या वर्षी १०८ वर आले, मग १६२, मग सुमारे ११३ आणि शेवटी जवळजवळ १५९. दरवर्षी खरोखर २० टक्के मिळाले असते, तर १०० चे २४९ झाले असते. १५९ होणं म्हणजे चक्रवाढीने वर्षाला दहा टक्क्यांहूनही थोडं कमी.

हा फरक पडतो कसा? घट आणि वाढ एकमेकांना फिटत नाहीत म्हणून. ४० टक्के गेले की मूळ जागी यायला ४० नाही, जवळपास ६७ टक्के वाढ लागते. चढउतार जितके मोठे, तितकी साधी सरासरी तुम्हाला जास्त फसवते. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: ‘ही साधी सरासरी आहे की चक्रवाढ दर? आणि शंभराचे शेवटी किती झाले?’ दुसऱ्या अर्ध्या भागाचं उत्तर कोणालाही गोल गोल देता येत नाही.

आता याच आकड्यांत आणखी खाली उतरू. ८० टक्के वाढीचं वर्ष संपल्यावर काय होतं? त्या योजनेचं नाव सगळीकडे होतं, सादरीकरणं भरतात, आणि बहुतेकांचे पैसे त्याच वेळी आत येतात. अशा माणसाची चार वर्षं बघा: उणे ४०, अधिक ५०, उणे ३०, अधिक ४०. साधी सरासरी काढा, वर्षाला अधिक पाच टक्के येते. पण त्याच्या १०० चे झाले ८८. सरासरी नफ्यात आणि माणूस तोट्यात, आणि दोन्ही आकडे बरोबर! मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं. योजनेचा परतावा आणि त्या योजनेतल्या माणसांना मिळालेला परतावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्लाइडवर नेहमी पहिलीच असते.

त्यामुळे कालावधी कुठून सुरू केला, हे विचाराच. पाचच वर्षं का? सुरुवात एका वर्षाने पुढे सरकवली तर आकडा किती राहतो? प्रामाणिक माणूस तुम्हाला सरकत्या कालावधीचे आकडे दाखवेल, म्हणजे प्रत्येक संभाव्य सुरुवातीपासूनची पाच वर्षं, आणि त्यातली सर्वात वाईटही. ती पाच वर्षं कशी होती, हे समजलं की जोखीम म्हणजे काय ते आपोआप कळतं.

त्याच स्लाइडवर कधीकधी लिहिलेलं असतं, ‘आमच्या सर्व योजनांची सरासरी.’ इथे विचारायचं, सर्व म्हणजे आज चालू असलेल्या की तेव्हा सुरू केलेल्या? समजा दहा योजना सुरू झाल्या. सात टिकल्या, त्यांना सरासरी १२ टक्के मिळाले. तीन उणे आठवर होत्या, त्या बंद केल्या किंवा दुसऱ्या योजनांत विलीन केल्या. टिकलेल्यांची सरासरी १२, दहांची मिळून सहा. हरलेले यादीतून निघून गेले की राहिलेले हुशार दिसतात. आणि परतावा प्रत्यक्ष पैशांवर मिळाला, की शेअर निवडायचा नियम आज ठरवून तो जुन्या किमतींना लावून पाहिला, हेही एका वाक्यात विचारून घ्या. उत्तर माहीत असताना नियम बसवणं कोणालाही जमतं.

यानंतर वक्ता म्हणतो, ‘काळजी नको, आपण वीस शेअर घेतो, जोखीम विभागली जाते.’ हे खरं आहे, पण किती खरं, ते बघू. एका शेअरचा वार्षिक चढउतार, म्हणजे त्याचं प्रमाण विचलन, ४० टक्के धरा. शेअर एकमेकांसोबत किती हलतात ते सांगणारा सहसंबंध ०.२५ धरा. पाच शेअर घेतल्यावर एकूण चढउतार सुमारे २५ वर येतो, वीस घेतल्यावर साडेएकविसाच्या आसपास, आणि शंभर घेतले तरी विसाच्या थोडा वरच राहतो. पहिल्या काही शेअरांनी मोठा फायदा दिला, पुढच्यांनी जवळजवळ काहीच नाही. जो भाग उरतो तो सगळ्या बाजाराचा. शेअरांची संख्या वाढवून तो जात नाही.

आणि सहसंबंध कायम तेवढाच राहत नाही. २००८ च्या घसरणीत किंवा मार्च २०२० मध्ये एरवी वेगवेगळे चालणारे शेअर एकदम खाली आले. आपल्या उदाहरणात तो ०.७ झाला, तर तेच वीस शेअर मिळून चढउतार ३४ च्या घरात जातो. संरक्षण सर्वात कमी त्याच वेळी असतं, जेव्हा ते सर्वात जास्त हवं असतं. म्हणून ‘किती शेअर आहेत?’ हा प्रश्न कमी कामाचा. विचारा, ‘व्याजदर चढले तर यातले किती एकत्र पडतील? मागच्या मोठ्या घसरणीत ही यादी शिखरापासून तळापर्यंत किती खाली गेली होती?’ वीसपैकी पंधरा कंपन्या कर्जावर चालणाऱ्या असतील, तर ते विविधीकरण नावापुरतंच आहे.

‘दीर्घ मुदतीत बाजार वरच जातो’ हे वाक्यही तिथे येतंच. जपानचा निक्केई निर्देशांक घ्या. त्यात २२५ कंपन्या आहेत, म्हणजे विभागणी भरपूर. २९ डिसेंबर १९८९ रोजी तो ३८,९१५ वर बंद झाला. मार्च २००९ मध्ये तो ७,१०० च्याही खाली होता. १९८९ ची ती पातळी त्याने ओलांडली फेब्रुवारी २०२४ मध्ये, चौतीस वर्षांनी. या आकड्यात लाभांश धरलेला नाही, आणि हळूहळू पैसे घालत गेलेल्याची स्थिती शिखरावर सगळे पैसे घातलेल्यापेक्षा बरी राहिली असणार, हे सांगायलाच हवं. पण १९८९ मध्ये त्या बाजाराची मागची दहा वर्षं ज्याने स्लाइडवर दाखवली असती, त्याची रेघ सरळ वर जाणारी होती.

अशा वेळी वक्त्याला विचारायचं, दीर्घ म्हणजे किती वर्षं, आणि ती कोणत्या देशाच्या, कोणत्या काळाच्या आकड्यांवरून ठरवली? मग तुमच्या बाजूचा हिशेब मांडा. हे पैसे तुम्हाला सात वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी लागणार असतील, तर तसंच सांगा, आणि सरकत्या कालावधीच्या त्या आकड्यांतली सर्वात वाईट सात वर्षं दाखवायला सांगा. ती त्यांच्याजवळ नसतील, तर त्या दिवशी फॉर्मवर सही करू नका.