एका एससीएममध्ये विजेची किती युनिटं?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आजचा विषय एका प्रश्नापुरताच आहे. पाइप गॅसचं बिल एससीएममध्ये, म्हणजे स्टँडर्ड घनमीटरमध्ये, येतं, विजेचं युनिटमध्ये. दोन्ही बिलं शेजारी ठेवली तर त्यांची तुलना करायची कशी? याचं उत्तर बहुतेक ठिकाणी एका ओळीत मिळतं: ‘एक एससीएम म्हणजे सुमारे अकरा युनिट.’ हे उत्तर चूक नाही. पण त्याच्या आधारे ‘गॅसवर शिजवू की इंडक्शनवर’ हे ठरवायला गेलात, तर हिशेब जवळजवळ पावणेदोन पटीने चुकतो. तो कसा, हेच आज बघू.

आधी बिल वाचू. गॅस मीटरवर काळे आकडे असतात आणि त्यांच्या उजवीकडे बहुधा तीन लाल आकडे. काळे आकडे पूर्ण घनमीटरचे, लाल त्याच्या हजाराव्या भागापर्यंतचे. म्हणजे शेवटचा लाल आकडा एक लिटर दाखवतो. हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येणार आहे. बिलासाठी फक्त काळे आकडे घेतले जातात. समजा, मागचं वाचन १२५६ आणि आताचं १२८४. फरक २८ घनमीटर.

आता बिलात ‘वापर’ या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. तिथेही २८ असेल, किंवा २७ च्या आसपास काहीतरी. मीटरमधून गेलेला घनमीटर आणि स्टँडर्ड घनमीटर या काटेकोरपणे एकच गोष्ट नव्हेत. गॅस तापला की फुगतो, दाबला की आकसतो. म्हणून एक ठरावीक स्थिती मानली आहे: १५ अंश सेल्सिअस तापमान आणि समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब, म्हणजे १०१३ मिलिबार. त्या स्थितीत जितका गॅस एका घनमीटरमध्ये मावतो, तो एक एससीएम.

घरातल्या मीटरला गॅस साधारण २१ मिलिबार जादा दाबाने मिळतो. त्यामुळे समुद्रसपाटीवर दाबाचा गुणक १०३४ भागिले १०१३, म्हणजे १.०२. गॅसचं तापमान ३० अंश असेल तर तापमानाचा गुणक २८८ भागिले ३०३, म्हणजे ०.९५. दोन्ही गुणले की ०.९७. मीटरने २८ दाखवले, तर खरे एससीएम २७.२. ६०० मीटर उंचीवरच्या गावात हवेचाच दाब कमी असल्याने हा गुणक ०.९० पर्यंत उतरतो. काही मीटर तापमानाची दुरुस्ती आतच करतात, काही कंपन्या बिलात करतात, आणि काही जण मीटरचा घनमीटर तोच एससीएम धरतात. तुमच्याकडे काय चाललंय ते वाचनांचा फरक आणि बिलातला वापर ताडून कळतं. पुढच्या उदाहरणात मी बिलातला वापर २८ एससीएम धरतो.

पुढची पायरी उष्मांकाची. एक एससीएम गॅस पूर्ण जाळला तर किती उष्णता निघते, हे सांगणारा आकडा म्हणजे कॅलोरिफिक व्हॅल्यू. काही बिलांवर तो जीसीव्ही या नावाने छापलेला असतो, किलोकॅलरी प्रति एससीएममध्ये. नसेल तर कंपनीकडे मागता येतो. नैसर्गिक वायूचा हा आकडा बहुधा नऊ ते दहा हजारांच्या दरम्यान पडतो. वायू कुठल्या क्षेत्रातून आला, त्यात मिथेनबरोबर इथेन किती, नायट्रोजन किती, यावर तो हलतो. आपण ९,४०० घेऊ.

विजेचं एक युनिट, म्हणजे एक किलोवॉट-तास, हे ८६० किलोकॅलरीबरोबर असतं. म्हणून ९,४०० भागिले ८६०, बरोबर १०.९३. तुमच्या बिलावर उष्मांक मेगाज्यूलमध्ये असेल तर ८६० ऐवजी ३.६ ने भागा. ९,४०० किलोकॅलरी म्हणजे ३९.३ मेगाज्यूल, उत्तर तेच येतं. उत्तर दहा-अकराच्या जवळपास नसेल तर भागाकारात एकक चुकलंय असं समजा. ३९ आलं तर ३.६ ने भागायचं राहिलं. दहाच्या खाली आलं तर बहुधा आकडा एनसीव्हीचा घेतला गेलाय. त्याकडे आता येतोच. ब्रिटनमध्ये ही सगळी आकडेमोड कंपनीच बिलावर करून दाखवते: घनमीटर गुणिले १.०२२६४ हा दुरुस्ती गुणक, गुणिले उष्मांक, भागिले ३.६. ग्राहकाला गॅसही किलोवॉट-तासांतच विकला जातो. मला विचाराल तर हीच पद्धत शहाणपणाची.

तर आपले २८ एससीएम म्हणजे ३०६ किलोवॉट-तास. बहुतेक लोक इथे थांबतात. गॅसचं बिल ३०६ ने भागतात, विजेच्या दराशेजारी ठेवतात आणि म्हणतात, ‘गॅस किती स्वस्त!’ पण हे ३०६ फक्त ज्योतीत निघालेले आहेत. भांड्यात किती गेले, हा हिशेब अजून झालेलाच नाही.

गॅसची ज्योत भांड्याच्या कडांनी वर निसटते, स्वयंपाकघर तापवते. इंडक्शनमध्ये उष्णता भांड्याच्या बुडातच तयार होते, त्यामुळे वाया कमी जाते. गॅसच्या शेगडीची कार्यक्षमता माहितीपत्रकात ५५ टक्के वगैरे दिलेली असते. पण ती कुठल्या उष्मांकावर? मिथेन जळताना पाण्याची वाफ तयार होते. ती वाफ थंड होऊन पाणी झालं असतं तर आणखी उष्णता मिळाली असती. ती धरली की जीसीव्ही, सोडली की एनसीव्ही. नैसर्गिक वायूच्या बाबतीत दोन्हींत सुमारे दहा टक्के फरक पडतो: ९,४०० चे साधारण ८,४५० होतात. शेगडीवर वाफ काही थंड होत नाही, तेव्हा एनसीव्ही धरणं अगदी रास्त. अडचण येते ती एका हिशेबात दोन्ही मिसळले की. एनसीव्हीवर मोजलेले ५५ टक्के म्हणजे जीसीव्हीवर जेमतेम ५०. माहितीपत्रकातले ५५ आणि बिलातला जीसीव्ही एकमेकांना गुणलेत, तर गॅसच्या पारड्यात दहा टक्के फुकट टाकलेत.

माहितीपत्रकावर विसंबायचीही गरज नाही. मीटरचा शेवटचा लाल आकडा एक लिटरचा आहे, हे मघाशी सांगितलं ना? दोन लिटर पाणी मोजून एका पातेल्यात घ्या. पातेलं इंडक्शनवर चालणारं हवं, म्हणजे दोन्हीकडे तेच वापरता येईल. झाकण ठेवा, तापमान मोजा. समजा, २५ अंश. गॅस मीटरचं वाचन लिहून ठेवा, पेटवा, आणि ९५ अंशांना बंद करा. उकळू देऊ नका, कारण वाफ होऊ लागली की गेलेली उष्णता मोजता येत नाही. दोन लिटर पाणी ७० अंशांनी तापलं, म्हणजे १४० किलोकॅलरी पाण्यात गेल्या. मीटर ३० लिटर पुढे गेलं असेल तर जळलेला गॅस ०.०३० घनमीटर, म्हणजे २८२ किलोकॅलरी. १४० भागिले २८२: अर्धे.

आता तेच पातेलं, तेवढंच पाणी, इंडक्शनवर. पातेलं गार करून घ्या आणि पाणीही २५ अंशांचंच घ्या. विजेच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ३२०० इंपल्स प्रति किलोवॉट-तास असं काहीतरी छापलेलं असतं. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा; फ्रिज मध्येच सुरू झाला तर मोजणी वाया जाते. लुकलुकणं मोजा. ६२४ आले तर ६२४ भागिले ३२००, म्हणजे ०.१९५ युनिट. पाण्यात गेलेल्या १४० किलोकॅलरी म्हणजे ०.१६३ युनिट. कार्यक्षमता ८३ टक्क्यांच्या थोडी वर.

आणि आता या प्रयोगातली खरी गंमत. ज्या कामाला ०.०३० घनमीटर गॅस लागला, त्याच कामाला ०.१९५ युनिट वीज लागली. ०.१९५ भागिले ०.०३० बरोबर ६.५. म्हणजे तुमच्या ओट्यावर एक घनमीटर गॅसची जागा साडेसहा युनिट वीज घेते. उष्मांक, जीसीव्ही-एनसीव्ही, तापमानाचा गुणक, सगळं या आकड्यात आपोआप जिरलं. उष्मांकाच्या वाटेनेही तेच उत्तर येतं: १०.९३ गुणिले ०.५०, भागिले ०.८३५, साडेसहाच. माहितीपत्रकातल्या कार्यक्षमतेने काढलेलं उत्तर यापासून फार लांब पडलं, तर बहुधा ज्योत पातेल्याबाहेर जात होती, बर्नरची भोकं बुजली होती, किंवा पाणी उकळू दिलं गेलं.

म्हणून ते २८ एससीएम इंडक्शनवर नेले तर ३०६ नव्हे, १८२ युनिट लागतील. निर्णयासाठी प्रश्न एवढाच राहतो: एका एससीएमच्या दराला ६.५ ने भागलं तर जे येतं, त्यापेक्षा तुमचं विजेचं युनिट स्वस्त आहे का?

इथे ‘युनिटचा दर’ म्हणजे एकूण बिल भागिले एकूण युनिट नव्हे. वीज टप्प्याटप्प्याने महाग होत असेल, तर इंडक्शनची ही १८२ युनिटं तुमच्या आत्ताच्या वापराच्या वर जाऊन बसणार, म्हणजे सगळ्यात महागड्या टप्प्यात. दर त्या टप्प्याचा धरा, त्यावरचे कर आणि अधिभार धरून. स्थिर आकार मात्र दोन्ही बाजूंना सोडून द्या. जोडणी कायम राहणार असेल तर तो दोन्हीकडे भरावाच लागतो. गॅसची जोडणीच काढणार असाल, तरच गॅसचा स्थिर आकार बचतीत मोजा.

साडेसहा हा आकडा शेगडीचा आहे. तो गीझरला लावू नका. तात्काळ पाणी तापवणाऱ्या गॅस गीझरमध्ये गरम वायू तांब्याच्या पात्यांमधून जातात, त्यामुळे जीसीव्हीवर मोजली तरी तीन चतुर्थांश उष्णता पाण्यात उतरते. विजेच्या टाकीवाल्या गीझरमध्ये जवळपास सगळी वीज पाण्यात जाते, थोडी टाकीतून झिरपते. तिथे एक एससीएम आठ-नऊ युनिटांची जागा घेतो. त्यामुळे एकाच घरात, त्याच दरांनी, स्वयंपाकाला वीज स्वस्त आणि आंघोळीच्या पाण्याला गॅस स्वस्त, असं उत्तर येऊ शकतं. उष्णता-पंपाचा गीझर असेल तर तो एका युनिटात सुमारे तीन युनिटांची उष्णता पाण्यात आणतो; मग गॅसच्या एका एससीएमसमोर तीनच युनिटं उभी राहतात.

उष्मांक महिन्यागणिक दोन-चार टक्के हलतो, तेवढ्यासाठी प्रयोग पुन्हा करायला नको. शेगडी बदलली, पातेली बदलली, किंवा बुडाशी काजळी धरायला लागली, तर मात्र करा. आणि लहान भांड्यावर मोठा बर्नर लावून एकदा करून बघाच. ३० लिटरचे ४० होतात, आणि मग एक घनमीटर गॅस पाचपेक्षाही कमी युनिटांच्या बरोबरीला येतो.