एक स्लायसर, दोन कार्डं: लातूर निवडलं तरी आकडा का हलत नाही?

नमस्कार. मागच्या आठवड्यात औशाहून एका काकांचा फोन आला. त्यांच्या शेतकरी गटाची सोयाबीनची खरेदी चार जिल्ह्यांत चालते आणि तिचा पॉवर बीआय या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमधला रिपोर्ट मी करून दिलेला आहे. काका म्हणाले, "ताई, मी लातूर दाबलं तर खालचं सगळं बदलायलंय, पण वरचा एक आकडा जागचा हलंना की. रिपोर्ट बिघडला का?"

रिपोर्ट बिघडला नव्हता. तो आकडा हलू नये अशी व्यवस्था मीच केली होती. पण फोनवर त्यांना समजावताना मी स्वतः दोन-चार क्लिक करून पाहिले, आणि लक्षात आलं की माझी व्यवस्था अर्धीच होती. लातूर निवडल्यावर आकडा जागेवर राहत होता, पण उदगीर केंद्र निवडलं की तोच आकडा कोसळत होता. म्हणजे काकांना दिसलं ते बरोबर होतं, आणि चूक होती ती त्यांच्या नजरेला अजून आलीच नव्हती. आज तेच स्क्रीनवर दाखवते.

[स्क्रीन: रिपोर्टचं पान]

हे पान बघा. डावीकडे तीन स्लायसर, म्हणजे निवड करायच्या याद्या, आहेत: हंगाम, जिल्हा आणि केंद्र. वर दोन कार्डं आहेत. पहिल्यावर "निवडलेली आवक", दुसऱ्यावर "एकूण आवक". खाली जिल्ह्यांचा बार चार्ट आणि त्याखाली केंद्रांचा तक्ता. आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतलेत. २०२४ च्या हंगामात लातूर ४,२०० क्विंटल, धाराशिव २,६००, बीड १,८००, परभणी १,४००. बेरीज १०,०००.

आता पॉवर बीआयचा मूळ स्वभाव असा आहे की पानावर स्लायसर टाकला की तो त्या पानावरच्या सगळ्यांना गाळणी लावतो. जिल्ह्यात लातूर निवडलं की दोन्ही कार्डांवर ४,२०० येतं. मग दुसरं कार्ड कशाला ठेवलं? लातूरची आवक सगळ्यांच्या मानाने किती, हे एका नजरेत कळावं म्हणून. त्यासाठी दुसरं कार्ड १०,००० वरच थांबायला हवं.

त्याची पद्धत अशी. आधी जिल्हा स्लायसरवर एकदा क्लिक करा, म्हणजे तो निवडला जाईल. आता वर रिबनमध्ये `Format` टॅब दिसेल, त्यात `Edit interactions` आहे. ते दाबलं की पानावरच्या बाकी प्रत्येक व्हिज्युअलच्या कोपऱ्यात छोटी चिन्हं उमटतात. फनेल असलेलं चिन्ह म्हणजे गाळणी लागते. गोलात तिरकी रेघ असलेलं चिन्ह म्हणजे `None`, परिणाम नाही. जे सध्या चालू आहे ते गडद दिसतं. एकूण आवकच्या कार्डावर जाऊन `None` दाबा. मग परत `Edit interactions` दाबून बाहेर या. लातूर निवडा. पहिलं कार्ड ४,२००, दुसरं १०,०००. झालं.

इथवर मी केलं होतं, आणि इथेच थांबले होते.

[स्क्रीन: केंद्र स्लायसर]

आता केंद्र स्लायसरमध्ये उदगीर निवडते. बघा, पहिलं कार्ड १,१००, आणि दुसरंसुद्धा १,१००! मराठवाड्यातली आपली एकूण आवक एकदम उदगीरएवढी झाली. कारण `Edit interactions` मध्ये आपण जे ठरवतो ते एका व्हिज्युअलकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या एकाच वाटेपुरतं असतं. जिल्हा स्लायसरची वाट बंद केली, केंद्र स्लायसरची उघडीच होती. बांधाला एकीकडून माती लावली आणि पाणी दुसऱ्या बाजूने आत आलं, तसं हे.

आणि वाटा फक्त स्लायसरच्याच नसतात. बार चार्टमधल्या बीडच्या पट्टीवर क्लिक केलं तरी कार्डाला गाळणी लागते. तक्त्यातल्या ओळीवर क्लिक केलं तरी लागते. म्हणून एखादा आकडा स्थिर ठेवायचा असेल, तर पानावरचं एकेक व्हिज्युअल आधी निवडायचं, `Edit interactions` दाबायचं आणि त्या कार्डावर `None` करायचं. इथे मला जिल्हा, केंद्र, बार चार्ट आणि तक्ता अशा चार ठिकाणी करावं लागलं.

पाचवा राहिला तो हंगामाचा स्लायसर, आणि त्याला मात्र हात लावायचा नाही. का, ते आकड्यांतच बघा. २०२३ च्या हंगामात एकूण आवक ८,००० क्विंटल होती. हंगामाची वाटही बंद केली, तर "एकूण" कार्ड दोन्ही हंगामांची बेरीज, म्हणजे १८,००० दाखवेल. मग २०२४ मधल्या लातूरच्या ४,२०० ची तुलना १८,००० शी होते. ४२ टक्क्यांचा वाटा २३ टक्क्यांवर येतो आणि पानावर कुठेही चुकीची खूण दिसत नाही. मला वाटतं, न चालणाऱ्या कार्डापेक्षा हे जास्त घातक आहे, कारण तो आकडा बघून कुणालाच शंका येत नाही. म्हणून कुठली वाट बंद करायची हे ठरवताना स्वतःला विचारा: हा आकडा कशाच्या तुलनेत वाचला जाणार आहे? तुलना एकाच हंगामातली असेल, तर हंगामाची गाळणी दोन्ही कार्डांना लागलीच पाहिजे.

[स्क्रीन: बार चार्ट]

आता बार चार्टचं बघू. लातूर निवडलं की इथे एकच पट्टी उरते, बाकी तीन जिल्हे गायब. तुलनेसाठी केलेल्या चार्टमध्ये एकटीच पट्टी उभी राहून उपयोग काय? म्हणून जिल्हा स्लायसरकडून बार चार्टकडे जाणारी वाट मी `None` केली. चारही पट्ट्या परत आल्या. छान दिसलं. पण आता स्लायसरमध्ये लातूर असताना चार्टमधल्या बीडवर क्लिक करा. पहिल्या कार्डावर `(Blank)` आलं!

डेटा उडाला नाही. स्लायसर म्हणतोय जिल्हा लातूर हवा, चार्ट म्हणतोय जिल्हा बीड हवा, आणि कार्डाला दोन्ही अटी एकदम पाळायच्या आहेत. एकच नोंद लातूरचीही आणि बीडचीही असू शकत नाही, म्हणून हाताला काहीच लागत नाही. नुसत्या स्लायसरने चार्ट गाळला जात होता तेव्हा हे घडत नव्हतं, कारण बीडची पट्टी दिसतच नव्हती. वाट बंद केल्यावर ती क्लिक करायला मोकळी झाली. यावर उपाय असा की आता बार चार्ट निवडा आणि त्याच्याकडून बाकीच्यांकडे जाणाऱ्या वाटाही `None` करा. म्हणजे चार्ट फक्त बघायचा राहतो, निवड स्लायसरनेच होते. जाण्याची वाट आणि येण्याची वाट वेगवेगळी असते, एक बंद केली म्हणून दुसरी आपोआप बंद होत नाही.

चार्टकडून दुसऱ्या बार चार्टकडे वाट असेल तर एक तिसरं चिन्हही दिसतं, हायलाइटचं. त्यात पट्टी कापली जात नाही, निवडलेला भाग गडद आणि उरलेला फिका होतो. स्लायसरकडून मात्र हायलाइट होत नाही, तिथे गाळणी किंवा काहीच नाही, एवढं लक्षात असू द्या.

[कॅमेऱ्याकडे]

समजा दुसऱ्या कुणी केलेला रिपोर्ट तुमच्याकडे आलाय आणि स्लायसर एका कार्डावर चालत नाही. कारण कसं ओळखायचं? त्या व्हिज्युअलवर माउस न्या, कोपऱ्यात फनेलचं चिन्ह येतं, त्यावर थांबा. त्या व्हिज्युअलवर कुठले फिल्टर आणि स्लायसर लागू आहेत त्याची यादी दिसते. जिल्हा तिथे नसेल, तर वाट कुणीतरी `None` केलीय. जिल्हा यादीत दिसतोय आणि तरीही आकडा हलत नाही, तर `Edit interactions` मध्ये वेळ घालवू नका. मग एक तर मेजरमध्ये, म्हणजे आकडा काढणाऱ्या सूत्रातच, फिल्टर काढून टाकलेला असतो, नाहीतर त्या आकड्याचं टेबल जिल्ह्याच्या टेबलाशी जोडलेलंच नसतं. मॉडेल व्ह्यूमध्ये जाऊन दोघांच्या मध्ये रेघ आहे का, बघा. माझ्या अनुभवात ही दुसरी गोष्ट जास्त वेळा निघते. बाजारभावाची वेगळी एक्सेल आणून टाकलेली असते आणि जोडायची राहून गेलेली असते.

[स्क्रीन: मेजर]

आता काकांची पुढची मागणी. त्यांना दोन कार्डं नकोत, "आमचा वाटा किती टक्के" हे एकच कार्ड हवं. हे `Edit interactions` ने जमत नाही. एका कार्डाला एकतर गाळणी लागते किंवा लागत नाही, वरच्या आकड्याला लाव आणि खालच्याला लावू नको असं सांगता येत नाही. गाळणी चालू ठेवली तर लातूर भागिले लातूर, १०० टक्के. बंद केली तर एकूण भागिले एकूण, पुन्हा १०० टक्केच. त्यासाठी मेजरच लिहावं लागतं:

```
Ekun Aavak =
CALCULATE ( SUM ( Aavak[Quintal] ), REMOVEFILTERS ( Kendra ) )

Vata =
DIVIDE ( SUM ( Aavak[Quintal] ), [Ekun Aavak] )
```

माझ्या मॉडेलमध्ये जिल्हा आणि केंद्र हे दोन्ही कॉलम `Kendra` याच टेबलात आहेत, म्हणून एका `REMOVEFILTERS` मध्ये दोघांचीही गाळणी निघते. हंगाम वेगळ्या टेबलात आहे, त्याला धक्का लागत नाही. लातूर निवडलं की ४२ टक्के, उदगीर निवडलं की ११ टक्के.

हे लिहिल्यावर मी वरच्या दुसऱ्या कार्डातही `Ekun Aavak` हेच मेजर टाकलं आणि `None` केलेल्या त्या चार वाटा परत चालू केल्या. कारण उद्या पानावर आणखी एक चार्ट आला, तर त्याच्या वाटा आपोआप गाळणीच्याच असतात, आणि कार्डाचा आकडा पुन्हा घसरेल. मेजरमधली सूट कार्डासोबतच राहते. बार चार्टला मात्र सगळ्या पट्ट्या दिसाव्यात म्हणून `None` तसंच ठेवलं, तिथे तेच सोयीचं आहे.

दुसऱ्या पानावर हेच स्लायसर सिंक करून नेणार असाल तर निवड तिकडे जाईल, पण वाटा जाणार नाहीत, कारण `Edit interactions` त्या-त्या पानापुरतं असतं. नवीन पानावर ते परत ठरवावं लागतं.

आणि काकांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मी कार्डाच्या शीर्षकातच लिहून टाकलं. तिथे आता असं आहे: "एकूण आवक, सगळे जिल्हे मिळून. जिल्हा किंवा केंद्र निवडल्याने बदलत नाही." बघणाऱ्याला आपण आत काय बंद केलंय ते कधीच दिसत नाही, त्याच्यापुढे फक्त न हलणारा आकडा असतो. काकांना नवीन फाइल पाठवली, त्यांनी लातूर दाबून पाहिलं, मग उदगीर दाबून पाहिलं, आणि म्हणाले, "हां, आता कळालं."